लाईट गेली, पेपर राहिला: अर्धवट तुटलेल्या ऑनलाइन परीक्षेचा आढावा

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या कडेला धाड आहे. इथल्या मुलामुलींच्या वाट्याला ऑनलाइन परीक्षा दोन रूपांत येते. एक परीक्षा घरी, मोबाइलवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर द्यायची. दुसरीसाठी पहाटेची एसटी धरून बुलढाणा, अकोला, अमरावती किंवा संभाजीनगरच्या केंद्रावर जायचे आणि तिथल्या संगणकावर द्यायची. दोन्हीकडे पेपर मध्येच तुटू शकतो. तुटल्यावर मूल एकच गोष्ट मागते, ‘मला पुन्हा बसू द्या.’ या मागणीचे पुढे काय होते, आजवर काय झाले आणि कोणत्या गोष्टींवर अजून एकमत नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. आजारी पडल्याने परीक्षा बुडाली तर काय करायचे हे जुन्या नियमांत असते. पेपर फुटला तर परीक्षा रद्द होते. अर्धवट तुटलेला पेपर या दोन्हींच्या मधला आहे. विद्यार्थी हजर होता, त्याने काही उत्तरे दिली, ती कुठेतरी जमाही झाली. म्हणजे परीक्षा झाली असे म्हणता येत नाही आणि झाली नाही असेही म्हणता येत नाही. सगळा वाद याच अडचणीतून उगवतो.

प्रश्न कुठून आला

केंद्रांवरच्या संगणकीय परीक्षा आपल्याकडे बऱ्याच आधीपासून होत्या. प्रश्न घराघरांत पोचला तो 2020 साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलै 2020 रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या, असे मार्गदर्शक निर्देश काढले. राज्य सरकारची भूमिका परीक्षा न घेण्याची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 ऑगस्टला न्यायालयाने सांगितले की परीक्षा घेतल्याशिवाय अंतिम वर्षाच्या पदव्या देता येणार नाहीत, मात्र राज्ये आयोगाकडे मुदतवाढ मागू शकतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांची घरून द्यायची परीक्षा घेतली.

तो महिना या विषयाची पहिली मोठी प्रयोगशाळा ठरला. 6 ऑक्टोबरला मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची परीक्षा कोलमडली आणि सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचे विद्यापीठाने सांगितले. पुढच्याच सोमवारी, 12 ऑक्टोबरला, सकाळी दहाच्या सुमारास ग्रीड बिघडल्याने मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज गेली. त्या दिवशीचे पेपर विद्यापीठाला पुढे ढकलावे लागले. एका आठवड्यात दोन्ही नमुने समोर आले. एकदा यंत्रणा बंद पडली, एकदा लाईट गेली. दोन्ही वेळा विद्यार्थ्यांना फार भांडावे लागले नाही, कारण एकाच वेळी इतक्या जणांचे नुकसान झाले होते की ते नाकारणे शक्यच नव्हते. मुंबईची वीज गेली हे सिद्ध करायला कोणाला पुरावा जोडावा लागला नाही.

धाडची लाईट गेली तर तो जोडावा लागतो.

आयोगाच्या जुलैच्या निर्देशांत एक तरतूद होती आणि तिची आठवण ठेवायला हवी. अंतिम वर्षाचा विद्यार्थी कोणत्याही कारणाने परीक्षेला बसू शकला नाही, तर विद्यापीठाने सोयीनुसार त्याची विशेष परीक्षा घ्यावी, असे त्यात म्हटले होते. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द फार उदार होते. पण ही सवलत त्या एका शैक्षणिक वर्षापुरतीच होती. शिवाय ती न बसलेल्यांसाठी होती. बसून मध्येच उठावे लागलेल्यांचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे नव्हता. तो अन्वय प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या परीने लावला.

मध्येच काय तुटते

पुढची मते समजून घ्यायची तर केंद्रावरच्या आणि घरच्या परीक्षेत यंत्र कसे वागते हे थोडे पाहावे लागेल.

चांगल्या केंद्रावर प्रत्येक उत्तर निवडताच ते त्या केंद्रातल्या स्थानिक सर्व्हरवर जमा होते. वीज गेली तर यूपीएस काही मिनिटे धरते आणि तोवर जनरेटर सुरू व्हायचा असतो. संगणक बंद पडला तरी विद्यार्थ्याला दुसऱ्या यंत्रावर बसवता येते. पुन्हा लॉगिन केल्यावर घड्याळ जिथे थांबले तिथून चालू होते आणि आधीची उत्तरे तशीच दिसतात. ही व्यवस्था नीट चालली तर फेरपरीक्षेचा प्रश्नच उभा राहत नाही. बिघडते ते वेगळ्या ठिकाणी. जनरेटर सुरू होत नाही. घड्याळ थांबायला हवे ते थांबत नाही. किंवा पर्यवेक्षक वाढीव वेळ देतो, पण तो यंत्रात चढवला जात नाही आणि पेपर ठरल्या वेळी आपोआप जमा होतो.

घरच्या परीक्षेत घड्याळ बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालते आणि तुमच्यासाठी थांबत नाही. ब्राउझर दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असा छोटा निरोप पाठवत असतो. लाईट गेली की राउटर तत्काळ मरतो आणि तो निरोप बंद होतो. मोबाइलच्या टॉवरला बॅटरीचा आधार असल्याने सिग्नल लगेच जात नाही, पण गावातले सगळेच मोबाइल डेटावर येतात आणि वेग मंदावतो. म्हणून ‘लाईट गेली तरी मोबाइल होता ना’ हा परीक्षा विभागाचा नेहमीचा प्रश्न अर्धाच बरोबर असतो.

धाडसारख्या गावात आणखी एक गोष्ट आहे. शेतीपंपांचा फीडर आणि गावठाणाचा फीडर वेगळे असतात. शेतीला पाळीने ठरावीक तास थ्री-फेज मिळते, गावठाणाची वीज त्याहून बरी असते. जो विद्यार्थी गावात राहतो आणि जो शेतातल्या घरी राहतो, त्यांची लाईट एकाच वेळी जाते असे नाही. एकाच महाविद्यालयाच्या एकाच पेपरात एकाची अडचण खरी आणि दुसऱ्याला ती दिसलीही नाही, असे सहज घडू शकते.

एक उदाहरण, मिनिटांसह

समजा धाडची एक विद्यार्थिनी घरून पेपर देते आहे. वेळ 11 ते 12, प्रश्न 50, चुकीला गुण वजा नाहीत. 11 वाजून 22 मिनिटांनी लाईट गेली. तेव्हा तिचे 19 प्रश्न झाले होते. भावाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन, दोनदा पासवर्ड चुकून, ती 11.34 ला परत आत आली. स्क्रीनवर 26 मिनिटे शिल्लक दिसली, म्हणजे घड्याळ थांबले नव्हते. 12 ला पेपर आपोआप जमा झाला. एकूण 33 प्रश्न झाले, त्यांपैकी 27 बरोबर. तिची 12 मिनिटे गेली.

आता तिने काय मागावे आणि तिला काय मिळावे? यावर चार प्रकारची उत्तरे आजवर दिली गेली आहेत.

पहिले मत: गेलेला वेळ परत द्या

सर्वांत साधे उत्तर हे की 12 मिनिटे गेली, तर 12 मिनिटे द्या. केंद्रावरच्या परीक्षेत हेच सर्वात योग्य आहे, कारण पेपर संपण्याआधी ते करता येते. 21 ऑगस्ट 2023 रोजी तलाठी भरतीच्या परीक्षेत सर्व्हर बंद पडला. राज्यभर सकाळचे सत्र उशिरा सुरू झाले आणि त्या दिवसाची पुढची सत्रेही सरकली. उमेदवारांचा त्रास मोठा होता. पहाटे निघालेल्या मुली तासन्तास केंद्राबाहेर थांबल्या. पण पेपर सुरूच झाला नव्हता, म्हणून वेळ पूर्ण देता आला. सुरू होण्याआधीचा बिघाड आणि मध्येच आलेला बिघाड यांत इथे मोठा फरक पडतो.

घरच्या परीक्षेत मात्र हे उत्तर दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते. 12 मिनिटांसाठी तिला तोच पेपर पुन्हा उघडून द्यायचा, तर तिने मधल्या रात्री उरलेले प्रश्न कुणाला विचारले नसतील याची खात्री कोण देणार? म्हणून बहुतेक परीक्षा विभाग त्याच पेपराला वेळ वाढवून द्यायला नकार देतात. या नकारात मला आकस दिसत नाही. ही खरी अडचण आहे.

दुसरे मत: हिशेबाने गुण वाढवा

13 मे 2018 रोजी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, म्हणजे क्लॅट, 258 केंद्रांवर संगणकावर झाली. 54,450 विद्यार्थी बसले. लॉगिन होत नाही, स्क्रीन गोठते, वीज जाते, यंत्र बदलावे लागते अशा तक्रारी आल्या आणि देशभरातून याचिका दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयात हा विषय न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्यापुढे आला. तक्रारी तपासायला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. यंत्रातल्या नोंदी पाहून तिने 4,690 विद्यार्थ्यांचा वेळ खरोखर गेल्याचे मान्य केले. 13 जून 2018 च्या आदेशात न्यायालयाने संपूर्ण फेरपरीक्षा नाकारली आणि गुणवाढीचे सूत्र मान्य केले.

सूत्राचा गाभा असा. मिळालेल्या वेळेत विद्यार्थ्याने किती वेगाने प्रश्न सोडवले आणि त्यातले किती बरोबर आले, हे पाहायचे. त्याच वेगाने, त्याच अचूकतेने त्याने गेलेला वेळही वापरला असता असे धरून गुण मोजायचे. आपल्या विद्यार्थिनीला हे लावून पाहू. तिने 48 मिनिटांत 33 प्रश्न केले, म्हणजे 12 मिनिटांत सव्वाआठ प्रश्न झाले असते. 33 पैकी 27 बरोबर या प्रमाणात त्यातले पावणेसात बरोबर आले असते. तिचे 27 गुण 33.75 होतात.

हा हिशेब झटपट होतो, नवा पेपर काढावा लागत नाही, निकाल रखडत नाही. बाधित विद्यार्थी एकूण संख्येच्या मानाने थोडे असतील तर इतर हजारोंना पुन्हा बसवणे अन्यायाचे होईल, हा त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे. पण सूत्र एक गोष्ट गृहीत धरते की माणूस पेपर एकसारख्या वेगाने सोडवतो. तसे कोणी करत नाही. कोणी सोपे आधी उरकतो, कोणी मोठा उतारा शेवटी ठेवतो. शिवाय लाईट गेल्यावर परत आलेल्या मुलीची पुढची 26 मिनिटे पहिल्या 22 मिनिटांसारखी नसतात. तिच्या घाबरलेल्या वेळेतला वेग मोजूनच तिची भरपाई ठरते, म्हणजे नुकसान हिशेबातही शिरते.

सूत्र कसे फसते हे 2024 च्या नीटमध्ये सगळ्या देशाने पाहिले. ती परीक्षा कागदावरची आहे आणि तिथे वेळ गेला तो वीज गेल्याने नव्हे. पण वेळ गेला म्हणून 1,563 विद्यार्थ्यांना क्लॅटच्याच धर्तीवर वाढीव गुण दिले गेले. निकालात काहींना 718 आणि 719 गुण दिसले. बरोबर उत्तराला 4 अधिक आणि चुकीला 1 वजा अशा 720 गुणांच्या पेपरात एक प्रश्न सोडला तर 716 होतात, एक चुकला तर 715. 718 किंवा 719 होऊच शकत नाहीत. शंका तिथूनच सुरू झाली. जवळजवळ सगळा पेपर सोडवून झालेल्या मुलालाही सूत्र ‘तू आणखी इतके सोडवले असतेस’ असे म्हणून गुण देते, ही त्याची उणीव आहे. शेवटी वाढीव गुण मागे घेतले गेले. त्या 1,563 जणांना दोन पर्याय मिळाले: मूळ गुण ठेवा किंवा 23 जूनला पुन्हा बसा. 813 जण बसले.

तिसरे मत: बाधितांना पुन्हा बसवा

महाराष्ट्रात हे मत बऱ्यापैकी रुळले आहे. 2022 च्या ऑगस्टमधल्या एमएचटी-सीईटीत अतिवृष्टी आणि तांत्रिक बिघाडांमुळे ज्यांचा पेपर बुडाला किंवा बिघडला, त्यांच्यासाठी सीईटी कक्षाने 29 ऑगस्टला पुन्हा परीक्षा घेतली. कर्मचारी निवड आयोगानेही 2025 च्या जुलै-ऑगस्टमधल्या निवड पदांच्या परीक्षेत केंद्रांवर गोंधळ झाल्यावर बाधित उमेदवारांना 29 ऑगस्टला पुन्हा बसवले. तो आकडा हजारोंत होता.

या मार्गाच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा असा की विद्यार्थ्याला खरी परीक्षा मिळते, कल्पनेतली नाही. विरोधात दोन मुद्दे आहेत आणि त्यांतला एक फारसा कोणी बोलत नाही.

पहिला मुद्दा पेपराच्या बरोबरीचा. नवा पेपर जुन्याइतकाच अवघड आहे हे कसे ठरवायचे? अनेक सत्रांत चालणाऱ्या परीक्षांत यासाठी पर्सेंटाइल काढतात. प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या मुलांशी होते. दुसरा मुद्दा इथेच येतो. पर्सेंटाइलला मोठा गट लागतो. एका सत्रात पंचवीस-तीस हजार मुले असतील, तर त्या गटाची गुणवत्ता इतर सत्रांसारखीच असेल असे मानायला जागा आहे. फेरपरीक्षेला दोनशेच बसले, तर त्यांतल्या पहिल्याला आपोआप 100 पर्सेंटाइल मिळते आणि प्रत्येक क्रमांकासरशी अर्धा पर्सेंटाइल सरकतो. मोठ्या सत्रात अर्ध्या पर्सेंटाइलच्या पट्ट्यात सव्वाशे-दीडशे मुले बसतात. ते दोनशे जण सगळेच एका खेड्यापाड्याच्या जिल्ह्यातले असतील किंवा सगळेच एका नामांकित शिकवणीचे असतील, तर तुलना आणखी ढळते. फेरपरीक्षा मिळाली म्हणजे न्याय झाला असे म्हणण्याआधी त्या सत्रात किती जण होते हे विचारायला हवे.

महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचणीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे क्रमवारी लावायची नसते. आपल्या धाडच्या विद्यार्थिनीचा पेपर अशा स्वरूपाचा असेल तर तिला वेगळा प्रश्नसंच देऊन पुन्हा बसवण्यात कोणाचेच नुकसान नाही. प्रवेश परीक्षेच्या वादातले युक्तिवाद अंतर्गत चाचणीला जसेच्या तसे लावले जातात, तेव्हा विनाकारण कठोरपणा येतो.

चौथे मत: परीक्षा झाली ती झाली

हे मत मांडणारे निष्ठुर असतात असे समजणे चूक आहे. त्यांचा मुद्दा असा की एवढ्या मोठ्या परीक्षेत सगळ्यांची परिस्थिती अगदी सारखी कधीच नसते. कुठे पंखा बंद असतो, कुठे बाहेर वरात वाजते. प्रत्येक फरकासाठी फेरपरीक्षा दिली तर निकाल लागणारच नाही आणि प्रवेशाचे वर्ष बुडेल.

4 मे 2025 च्या नीटमध्ये इंदूरला वादळामुळे अनेक केंद्रांची वीज गेली. इथेही पेपर कागदावरचा होता, पण वाद आपल्या विषयाचाच होता. विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती सुबोध अभ्यंकर यांनी कोर्टातले दिवे बंद करायला लावून त्या उजेडात वाचून पाहिल्याची बातमी तेव्हा आली होती. 30 जूनला त्यांनी ठरावीक तारखेआधी न्यायालयात आलेल्या याचिकाकर्त्यांची फेरपरीक्षा घ्यायला सांगितले. परीक्षा संस्थेने अपील केले. तिचा मुख्य आधार आकडेवारीचा होता: वीज गेलेल्या केंद्रांतल्या मुलांनी सोडवलेल्या प्रश्नांची संख्या आणि वीज न गेलेल्या केंद्रांतल्या मुलांची संख्या यांत म्हणण्यासारखा फरक नाही. 14 जुलैला खंडपीठाने आधीचा आदेश रद्द केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही फेरपरीक्षा दिली नाही.

सरासरीचा हा युक्तिवाद नीट तपासायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक प्रकरणात तो येणार आहे. सरासरी सांगते की केंद्राचे एकूण नुकसान झाले नाही. खिडकीपाशी बसलेल्या मुलाला उजेड होता आणि कोपऱ्यातल्या मुलाला नव्हता, हे सरासरीत दिसत नाही. दुसरीकडे, कोपऱ्यातल्या एकाचे म्हणणे खरे मानले तर खिडकीपाशी बसलेलाही तेच म्हणेल, ही संस्थेची भीतीही खोटी नाही. ऑनलाइन परीक्षेत ही कोंडी सुटण्याची शक्यता जास्त आहे, कारण तिथे प्रत्येकाची वेगळी नोंद असते.

पुरावा: नोंद काय सांगते, काय सांगत नाही

म्हणून चारही मतांच्या मुळाशी एकच गोष्ट येते: वेळ किती गेला आणि कशाने गेला, हे कोण आणि कसे ठरवणार?

आपल्या विद्यार्थिनीच्या नोंदीत 11.22 ला निरोप थांबलेला दिसेल, 11.34 ला वेगळ्या नेटवर्कवरून नवे लॉगिन दिसेल आणि 12 ला ‘आपोआप जमा’ अशी खूण असेल. जाणकार परीक्षा नियंत्रक आता इतरांच्या नोंदी शेजारी ठेवतो. जिल्ह्याजिल्ह्यांतले, वेगवेगळ्या नेटवर्कवरचे विद्यार्थी 11.22 लाच तुटले असतील, तर यंत्रणाच बसली होती. फक्त धाड आणि शेजारच्या गावांतले तुटले असतील, तर लाईट. ती एकटीच तुटली असेल, तर दोष तिच्या यंत्राचा, किंवा आणखी काहीतरी.

ही पद्धत बरीचशी बरोबर आहे. पण तिच्यात एक खाच आहे आणि ती गावातल्या माणसालाच दिसते. तिच्या शेजारच्या घरी इन्व्हर्टर आहे. तिथला मुलगा त्याच फीडरवर, त्याच पेपराला बसला होता आणि त्याची नोंद अखंड आहे. नियंत्रकाला वाटते, गावात लाईट होती. खरे तर लाईट दोघांचीही गेली. नोंद वीज मोजत नाही, इन्व्हर्टर मोजते. गावात इन्व्हर्टर असलेली घरे जितकी जास्त, तितकी नसलेल्या घराची तक्रार एकटी आणि संशयास्पद दिसू लागते.

याला उतारा विजेच्याच नोंदीत आहे. उपकेंद्रात फीडर कधी बंद पडला आणि कधी चालू झाला याची वेळ यंत्रचालक लिहून ठेवतो. ग्राहकाने 1912 वर तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक मिळतो आणि त्यावर वेळ असते. विद्यार्थिनीने लाईट जाताच हा क्रमांक घेतला, परत आत आल्यावर उरलेल्या वेळेचा स्क्रीनशॉट ठेवला आणि त्याच दिवशी अर्ज दिला, तर तिचे म्हणणे तीन वेगळ्या नोंदींत एकाच मिनिटावर येऊन मिळते. पेपर चालू असताना तक्रार नोंदवायला दोन मिनिटे जातात हे खरे. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. तारेवर फांदी पडून फक्त तिच्या गल्लीचाच पुरवठा गेला असेल, तर उपकेंद्राच्या वहीत काही सापडणार नाही. तेव्हा तक्रार क्रमांकच काय तो आधार.

अर्जात काय मागावे यातही फरक पडतो. ‘लाईट गेल्याने पेपर नीट गेला नाही, कृपया पुन्हा संधी द्यावी’ असे अर्ज ढिगाने येतात आणि ढिगानेच बाजूला पडतात. ‘माझ्या लॉगिनची 11.22 ते 11.34 ची नोंद तपासावी, शेवटचे जमा उत्तर कितव्या प्रश्नाचे आहे ते कळवावे आणि वेगळ्या प्रश्नसंचावर फेरचाचणी द्यावी’ असे लिहिले तर कारकुनाला तो अर्ज संगणक विभागाकडे पाठवावाच लागतो.

जे अजून सुटलेले नाही

पहिली गोष्ट उंबरठ्याची. किती मिनिटे गेली की फेरपरीक्षा? दोन मिनिटांसाठी कोणी देणार नाही, पाऊण तासासाठी बहुधा सगळे देतील. मधला पट्टा रिकामा आहे. तासाभराच्या पेपरातली 12 मिनिटे म्हणजे पाचवा भाग. तीन तासांच्या पेपरात तेवढीच मिनिटे किरकोळ वाटतील. मिनिटांऐवजी प्रमाण धरावे असे मला वाटते, पण तसा एकसारखा नियम कुठेच रूढ झालेला नाही.

दुसरी गोष्ट जोखमीची. केंद्रावर वीज ठेवणे हे परीक्षा घेणाऱ्याचे काम आहे, याबद्दल वाद नाही. घरून परीक्षा घेतली की ती जबाबदारी विद्यार्थ्यावर गेली का? ‘इंटरनेट व वीजपुरवठ्याची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील’ असे वाक्य सूचनापत्रात घातले की प्रश्न मिटला, असे काही संस्था मानतात. पण घरून परीक्षा घेण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा नसतो. वसतिगृहात इन्व्हर्टर असलेला आणि शेतात राहणारा या दोघांना एकच वाक्य लागू करणे कितपत न्याय्य आहे, यावर नीट विचार झालेला नाही.

तिसरी गोष्ट नोंदीच्या मालकीची. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सांगितले की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. ऑनलाइन परीक्षांत दिलेल्या उत्तरांची प्रत आता अनेक ठिकाणी आपणहून दाखवली जाते. पण किती वाजता कनेक्शन तुटले, कितव्या प्रश्नावर घड्याळ किती होते, यंत्र किती वेळा बदलले, ही नोंद उत्तरपत्रिकेचा भाग मानायची की संस्थेचा अंतर्गत कागद? ती बऱ्याचदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे नसते. परीक्षा राबवणाऱ्या खासगी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि कंपनी ती किती दिवस ठेवते हे विद्यार्थ्याला माहीत नसते. क्लॅटच्या 4,690 विद्यार्थ्यांना भरपाई मिळाली ती न्यायालयाने नेमलेल्या समितीला या नोंदी उघडून पाहता आल्या म्हणून. धाडच्या विद्यार्थिनीच्या 12 मिनिटांसाठी समिती नेमली जाणार नाही. तिच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या माणसाला तिची नोंद दिसली की नाही, आणि दिसली असेल तर तिलाही ती दाखवली का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आज संस्थेगणिक बदलते.